दिलगिरी व्यक्त, कर्ता अव्यक्त

आपल्याकडच्या क्रिकेट क्लबांना दोन गोष्टी लिहिता येत नाहीत. एक हिशेब आणि दुसरं निवेदन. हिशेबाचं धर्मादाय आयुक्त काय ते बघून घेतात. निवेदनाला मात्र कोणी वाली नाही. ते सेक्रेटरी लिहितो, अध्यक्ष न वाचता सही करतो आणि मैदानावरच्या तंबूत खिळ्याला अडकवतात. तिथे ते पुढच्या पावसापर्यंत लटकतं.

परवा असंच एक निवेदन हातात आलं. क्लब मुंबईच्या उपनगरातला. नाव सांगत नाही, कारण ते सांगितलं तर उरलेले सगळे क्लब सुटकेचा निःश्वास टाकतील. मजकूर असा: 'रविवारी झालेल्या सामन्यादरम्यान एक दुर्दैवी प्रकार घडला. खेळाच्या ओघात भावना अनावर झाल्याने वातावरण काहीसे तणावपूर्ण झाले. चार दशकांची उज्ज्वल परंपरा लाभलेला आमचा क्लब कोणत्याही गैरवर्तनाचे समर्थन करत नाही. कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास आम्ही दिलगीर आहोत. प्रकरणाची योग्य ती दखल घेण्यात आली असून योग्य ती कारवाई करण्यात येईल. कृपया अफवांवर विश्वास ठेवू नये.'

यात प्रकार घडला, वातावरण तणावपूर्ण झालं, भावना अनावर झाल्या. माणसाने काहीच केलेलं नाही. वाचणाऱ्याला वाटावं की खेळपट्टीखालून भूकंपाचा सौम्य धक्का येऊन गेला. दुखावलेल्या भावनांनाही 'असल्यास' लावलं आहे, म्हणजे दुखावल्या की नाही हे दुखावलेल्यानेच सिद्ध करायचं. आणि अफवा कोणती ते सांगितलेलं नसल्यामुळे लोकांनी ती लगेच शोधून काढली.

अफवा अशी की ओपनरने अंपायरला शिवी दिली. ती अफवा नव्हती.

झालं होतं ते असं. चाळीस षटकांचा साखळी सामना. क्लबची पहिली बॅटिंग. चोवीस वर्षांचा ओपनर, हंगामात सगळ्यांत जास्त धावा त्याच्याच, चांगला तिशीत खेळत होता. आत येणारा चेंडू पॅडवर बसला, अपील झालं, बोट वर गेलं. हा हलेना. बॅटची कड अंपायरला दाखवत उभा राहिला. मग निघाला, पण तंबूकडे जाताना अंपायरच्या बाजूने गेला आणि आईवरून शिवी हासडली. शॉर्ट लेगला उभा असलेल्या पोरानेही ती ऐकली. दोन्ही अंपायर एकमेकांशी बोलले, कर्णधाराला बोलावलं आणि समोरच्या संघाला पाच पेनल्टी धावा दिल्या. म्हणजे त्यांचा डाव सुरू झाला तो बिनबाद पाचवर. इकडे तंबूत आल्यावर ओपनरने बॅट घालून प्लास्टिकची एक खुर्ची फोडली. संध्याकाळी क्लब दोन गड्यांनी हरला. अंपायर पांढरा कोट घडी करून पिशवीत भरून आपल्या स्कूटरपाशी आले, तर हा तिथे उभा. 'परत या मैदानावर आलास तर तंगड्या तोडीन,' असं त्याने सांगितलं. अंपायर साठीच्या पुढचे. नोकरीतून निवृत्त झालेले, रविवार उन्हात उभं राहून काढणारे. त्यांनी काही न बोलता स्कूटर सुरू केली. पाठमोरे अंपायर आणि ओरडणारा ओपनर, एवढं कोणीतरी मोबाइलवर टिपलं.

क्लबमध्ये सोमवारी हळहळ होती ती पाच धावांची. 'फुकट गेल्या हो,' सेक्रेटरी म्हणाले. कोणी घालवल्या ते त्यांना आठवत नव्हतं.

मग मंगळवारी तो व्हिडिओ गावभर झाला आणि त्याच कमिटीने दुसरं निवेदन काढलं. छत्तीस तासांत सूर बदलला. 'अशा विकृत प्रवृत्तीला आमच्या क्लबमध्ये थारा नाही. संबंधित खेळाडूस क्लबमधून कायमचे बडतर्फ करण्यात येत आहे.' ज्याला सोमवारी हात लावायची हिंमत नव्हती, त्याला मंगळवारी सुळावर दिलं. मधल्या वेळात चौकशी झाली नव्हती, त्याला कोणी काही विचारलं नव्हतं, अंपायरांना फोन गेला नव्हता. वाढले होते फक्त बघणारे. पहिलं निवेदन खेळाडूला घाबरून लिहिलं होतं, दुसरं जमावाला. आणि काय घडलं ते या दुसऱ्या निवेदनातही नव्हतं! 'विकृत प्रवृत्ती' होती. शिवी नव्हती, धमकी नव्हती, खुर्चीसुद्धा नव्हती.

सेक्रेटरींनी दोन्ही कागद माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, 'तुम्ही लिहिणारे, जरा मधलं काहीतरी करून द्या. कडक पण हवं आणि त्याच्यावर अन्याय पण नको.' यांना वाटतं, कडकपणा थोडा कमी केला की न्याय होतो. चहात साखर कमी-जास्त करावी तसं. मी म्हटलं, मध्ये काही नाहीये. काय केलं ते नेमकं लिहा, कडकपणा त्यातच येतो आणि न्यायही. 'गैरवर्तन' म्हटलं की घरचे म्हणतात, काही नाही हो, जरा आवाज चढला. बाहेरचे म्हणतात, मारलं असणार. 'पंचांना आईवरून शिवी दिली' असं लिहिलं की घरच्यांना ते कमी करता येत नाही आणि बाहेरच्यांना वाढवता येत नाही.

आता नेमकं लिहायचं तर मोजमाप लागतं, आणि ते आयतं तयार आहे. क्रिकेटचे कायदे बनवणाऱ्या एमसीसीने 2017 च्या संहितेत कायदा क्रमांक 42 हा खास खेळाडूंच्या वर्तनासाठी घातला. मैदानावरच्या वाह्यातपणाच्या त्यात चार पायऱ्या आहेत. निर्णयावर नाराजी दाखवणं, सामान आपटणं ही पहिली पायरी. पहिल्या वेळी संघाला ताकीद, आणि ती शेवटचीच. त्याच संघातल्या कोणीही पुन्हा केलं की पाच धावा. अंपायरला किंवा दुसऱ्या खेळाडूला गंभीर अपमानास्पद शिवी देणं ही दुसरी पायरी, तिथे ताकीद नाही, थेट पाच धावा. अंपायरला दमदाटी करणं तिसरी. त्यात खेळाडूला काही काळ मैदानाबाहेर काढतात. षटकांना मर्यादा नसेल तर दहा षटकं आणि मर्यादित षटकांच्या सामन्यात डावाच्या षटकांचा पाचवा हिस्सा, म्हणजे चाळीसच्या सामन्यात आठ. वर पाच धावा आहेतच. आणि अंपायरला मारण्याची धमकी, अंगाला हात लावणं, मारहाण ही चौथी. त्यात उरलेल्या सामन्यातून सुट्टी.

याच्यावर आमचा ओपनर ठेवून बघा. बॅटची कड दाखवत उभा राहिला, पहिली पायरी. शिवी, दुसरी. अंपायरांनी पाच धावा दिल्या त्या बरोबर होत्या, फुकट गेल्या नव्हत्या. स्कूटरपाशी जे केलं ते जातीने चौथ्या पायरीचं, सगळ्यांत वाईट. पण तोवर सामना संपला होता. अंपायर कोणाला बाहेर काढणार? पाच धावा कोणाच्या खात्यात टाकणार? त्यांच्या हातात उरतो अहवाल. कायदा सांगतो की अशा प्रकाराचा अहवाल अंपायरांनी दोन ठिकाणी द्यायचा. एक सामन्याच्या नियामक संस्थेकडे आणि एक त्या खेळाडूच्या संघाच्या कार्यकारिणीकडे. म्हणजे आमच्या सेक्रेटरींना 'क्लबची बदनामी झाली' एवढंच दिसतं तिथे कायद्याने क्लबला कारवाई करणाऱ्यांत धरलेलं आहे. हे सांगितल्यावर सेक्रेटरींनी खिशातून एक बंद पाकीट काढलं. अंपायरांचा अहवाल होता. सोमवारीच आला होता. क्लबचं पत्र म्हणजे वर्गणीचं किंवा खेळपट्टीच्या भाड्याचं, असं समजून ठेवून दिला होता.

दोन पानं होती. षटक क्रमांक, चेंडू क्रमांक, कोण कुठे उभं होतं, शब्द काय होते. शब्द जसेच्या तसे, शिवीसकट, सुवाच्य अक्षरात. शेवटी एक ओळ, की माझं नाव कुठे जाहीर करू नये, घरी काळजी करतात. चार दशकांची परंपरा असलेल्या कमिटीने दोन निवेदनं काढून जे साधलं नाही, ते या गृहस्थांनी रविवारी रात्री जेवणानंतर बसून केलं होतं.

पहिलं निवेदन सोमवारी काढायला हवंच होतं. पण तीन ओळींचं. अमुक सामन्यात पंचांना शिवी दिल्याची आणि सामन्यानंतर धमकी दिल्याची लेखी तक्रार आमच्याकडे आली आहे. निर्णय होईपर्यंत संबंधित खेळाडू आमच्याकडून खेळणार नाही, ही शिक्षा नाही. निर्णय अमुक तारखेपर्यंत याच फळ्यावर लावू. खलास. यात आरोपाला आरोप म्हटलं आहे, नाव नाही, विशेषण नाही, आणि तारीख आहे. तारखेला फार महत्त्व. आपल्याकडे 'योग्य ती कारवाई' ही अशी वस्तू आहे की जी हंगाम संपल्यावरच योग्य होते. ओपनर फॉर्मात असेल तर पुढच्या हंगामानंतर.

तोपर्यंत चौकशी. इथे आमच्या क्लबांची खरी गंमत आहे. तीन माणसांची समिती म्हटली की तिघांत एक कर्णधार, जो त्या दिवशी तंबूत होता. एक कोच, ज्याने ओपनरला वयाच्या नवव्या वर्षापासून घडवलं. आणि एक सेक्रेटरी, जे त्याचे मामा. हो, मामा. इतका वेळ मी तुमच्यापासूनही लपवून ठेवलं होतं, कारण त्यांनीही माझ्यापासून लपवलं होतं. मी म्हटलं, तुम्ही बाहेर. कर्णधार साक्षीदार आहे, तो समितीत नको. कोचही नको. सामन्याला हजर नसलेले आणि त्याच्याशी नातं नसलेले तीन सभासद शोधा. सापडले. एक तर चक्क क्लबच्या महिला संघाची यष्टिरक्षक. दहा जणींवर ती रोज ओरडते, तिला ओपनरचं दडपण येणं शक्य नव्हतं.

अहवालाची प्रत ओपनरला दिली, तीन दिवस दिले, बोलावलं. तो मान खाली घालून येईल अशी सगळ्यांची अपेक्षा. तो तावातावाने आला. त्याचं म्हणणं, शिवी दिली, कबूल. पण कड दाखवत उभा होतो तेव्हा अंपायर म्हणाले, 'निघ, घरी काही शिकवलं नाही का?' यावर समितीतले दोघे म्हणाले की बहाणे सांगतोय. यष्टिरक्षक म्हणाली, थांबा, नॉन-स्ट्रायकरला विचारू. नॉन-स्ट्रायकरने सांगितलं, हो, म्हणाले तसं. अंपायरांना फोन केला. तेही म्हणाले, हो, मी म्हणालो, म्हणायला नको होतं.

आता बघा, सोमवारच्या निवेदनाला हे वाक्य मिळालं असतं तर त्याने 'पंचांच्या चिथावणीमुळे' असं लिहून पोराला मोकळं सोडलं असतं. मंगळवारच्या निवेदनाला हे वाक्य कधी कळलंच नसतं. अंपायर जे बोलले त्याने शिवी का सुटली हे कळतं, सहा तासांनी स्कूटरपाशी जाऊन उभं राहिल्याचं मात्र काहीच कळत नाही. तेव्हा शिवीच्या बाबतीत ते वाक्य वजनात धरायचं, धमकीच्या बाबतीत नाही. आणि अंपायरांबद्दल काही म्हणायचं असेल तर कर्णधाराने ते असोसिएशनकडे वेगळं लिहून द्यायचं. आपल्या पोराच्या शिक्षेच्या निवेदनात घुसडायचं नाही.

दोन्ही बाजूंचं वेगवेगळं मोजण्याचा एक जुना दाखला आपल्याकडे आहे. 1991 च्या जानेवारीत जमशेदपूरला दुलीप करंडकाच्या अंतिम सामन्यात पश्चिम विभागाचा रशीद पटेल स्टंप उपटून उत्तर विभागाच्या रमण लांबाच्या अंगावर धावून गेला. बोर्डाने पटेलवर तेरा महिन्यांची बंदी घातली आणि लांबावर दहा महिन्यांची. आकडे कमी-जास्त वाटोत, पण दोघांचा हिशेब वेगळा झाला होता.

महिन्यांच्या बंदीची मात्र आमच्या क्लबला सवय लागायला नको. कांगा लीगसारखी पावसातली स्पर्धा सोडली, तर बहुतेक क्लबांच्या मैदानावर जून ते सप्टेंबर चिखल, फुटबॉल आणि गाढवं. मेच्या अखेरीस 'तीन महिन्यांची कडक बंदी' घातली तर त्याला उन्हाळ्याची सुट्टी लागून पावसाळ्याची मिळते. शिक्षा सामन्यांत मोजायची. तेही 'क्लबचे पुढचे इतके साखळी किंवा बाद फेरीचे सामने' असं. नाहीतर रविवारी सकाळी आजी विरुद्ध माजी असे तीन मैत्रीपूर्ण सामने उरकतात आणि दुपारपर्यंत बंदी संपते. बंदी म्हणजे काय तेही लिहावं लागतं. नेट्सला येऊ दे, त्याने सराव केला म्हणून कोणाचं बिघडत नाही. पण सामन्याच्या दिवशी तंबूत नाही, क्लबची जर्सी नाही, बाराव्या खेळाडूची टोपी घालून दर षटकाला पाणी घेऊन अंपायरसमोरून मिरवणं नाही. आणि हेही लिहायचं की ही बंदी आमच्या क्लबपुरती आहे. तो ऑफिसकडून खेळला तर आम्ही रोखू शकत नाही, ते असोसिएशनच्या हातात, आणि असोसिएशनला आम्ही कागद पाठवले आहेत. नसलेला अधिकार मिरवला की असलेल्यावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

किती सामने? समितीने जुनी मिनिटबुकं काढली. गेल्या हंगामात अकराव्या नंबरला खेळणाऱ्या एका पोराने अंपायरला अशीच शिवी दिली होती. त्याला दोन सामने बसवलं होतं, निवेदन वगैरे न काढता, आणि परत आल्यावर त्याला कोणी जागाही दिली नव्हती. म्हणजे शिवीचे दोन, ओपनरलाही दोनच. पण अंपायरांच्या वाक्याचं वजन धरून अर्धा कमी का करू नये, अशी चर्चा झाली. अर्धा सामना बसवता येत नाही, म्हणून तो मुद्दा शेवटच्या बेरजेत घ्यायचं ठरलं. धमकीचे चार. एकूण सहा. पहिलीच तक्रार, सगळं कबूल, आणि अंपायर एक वाक्य बोलले होते, या तिन्ही मिळून एक वजा. पाच. खुर्चीचे पैसे भरायचे. हे आकडे कुठल्या कायद्यात नाहीत, क्लबनेच ठरवायचे असतात. पण बेरीज दाखवली की पुढच्या वेळी कोणाच्या मामाला ती बदलायची तर लेखी बदलावी लागते.

माफीवर बराच वेळ गेला. सेक्रेटरींना व्हिडिओ हवा होता. पोराने हात जोडले आहेत, मागे क्लबचा बॅनर, खाली प्रायोजकाचं नाव. मी विचारलं, अंपायरांना काय हवंय? हे कोणी विचारलंच नव्हतं. विचारल्यावर कळलं, त्यांना पुन्हा त्या मैदानावर अंपायरिंग करायला भीती वाटू नये, एवढंच. पोराने हाताने चिठ्ठी लिहिली, नॉन-स्ट्रायकर ती देऊन आला.

हाताने लिहिलेल्या माफीचीही एक कथा आहे. 1987 च्या डिसेंबरात फैसलाबाद कसोटीत इंग्लंडचा कर्णधार माइक गॅटिंग आणि पंच शकूर राणा बोटं रोखून भांडले. राणा म्हणाले, माफी मागितल्याशिवाय उभा राहणार नाही. तिसऱ्या दिवशी एकही चेंडू पडला नाही. शेवटी गॅटिंगने एका चिटोऱ्यावर दोन ओळींत माफी लिहून दिली. त्यात फैसलाबादचं स्पेलिंगही चुकवलं. आणि मग इंग्लंडच्या बोर्डाने काय केलं? झालेल्या त्रासाबद्दल प्रत्येक खेळाडूला हजार पौंड बक्षिसी दिली! माफीचा कागद पंचाला आणि पैसे खेळाडूला. कोणाचं चुकलं असं बोर्डाला वाटत होतं ते राणांनी कागदावरून ओळखावं की पाकिटावरून?

आमच्या क्लबचं वार्षिक स्नेहसंमेलन पुढच्या महिन्यात आहे. 'हंगामातील सर्वोत्कृष्ट फलंदाज' ही ढाल ओपनरचीच आहे, धावा त्याच्याच आहेत. ती द्यावी का, असं मला विचारलं. द्या की. धावा काही त्याने शिवी देऊन काढल्या नाहीत. शिक्षा पाच सामन्यांची आहे, सहावा ढालीतून वसूल करायचा नाही. फक्त भाषण करणाऱ्याला सांगून ठेवा, 'आक्रमक बाणा' म्हणू नका.

कर्णधाराचं काय, हा प्रश्न कोणी काढला नाही म्हणून मी काढला. कायद्यात खेळाडूंच्या वागण्याची जबाबदारी कर्णधारावर टाकली आहे. हा तंबूत पॅड बांधून बसला होता, खुर्ची त्याच्या शेजारची फुटली. संध्याकाळी पोरगा स्कूटरींकडे निघालेला त्याने पाहिला. म्हणे, 'वाटलं, पेट्रोल भरायला चाललाय.' कर्णधाराने काय करायचं असतं, त्याचाही दाखला आहे. 2022 च्या सप्टेंबरात कोइमतूरला दुलीप करंडकाचा अंतिम सामना चालू होता. पश्चिम विभागाचा कर्णधार अजिंक्य रहाणे. त्याच्याच संघातला यशस्वी जैस्वाल, दुसऱ्या डावात 265 काढलेला, दक्षिणेच्या रवी तेजाला सारखा डिवचत होता. अंपायरांनी समज दिली, रहाणेनेही सांगितलं. ऐकेना, तेव्हा रहाणेने त्याला मैदानाबाहेर पाठवलं. बदली माणूस नाही, काही षटकं दहा जणांनी क्षेत्ररक्षण केलं. मग जैस्वाल परत आला, पश्चिमने सामना जिंकला आणि सामनावीर जैस्वालच. निवेदनाची गरजच उरली नव्हती. तेव्हा आमच्या कर्णधारालाही लेखी ताकीद. त्याने ती वाचली आणि विचारलं, 'म्हणजे मी पेट्रोल पंपापर्यंत पण बघायचं?'

राहता राहिलं नाव. छापावं की नाही? सेक्रेटरी म्हणाले, नको, 'सलामीचा फलंदाज' म्हणू. पण सलामीला दोघे येतात. दुसरा ओपनर गरीब गाय, परवाच साखरपुडा झालेला, त्याला सासुरवाडीहून फोन आला होता की शिवीवाले ते आपणच का. नाव न छापल्याने कोणीतरी वाचतं आणि कोणीतरी सापडतं. खेळाडू अठराच्या आतला असता तर नाव कुठेच द्यायचं नव्हतं, ना फळ्यावर, ना बोलण्यात, आणि चौकशीला पालक हवेत. हा सज्ञान आहे, निर्णय झालेला आहे, तेव्हा नाव छापायचं. अंपायरांचं नाही, त्यांनी तसं सांगितलं आहे.

शेवटी मजकूर असा झाला:

'रविवारच्या साखळी सामन्यात पायचीत दिल्यावर आमचे खेळाडू (इथे नाव) यांनी पंचांना आईवरून शिवी दिली. सामन्यानंतर त्यांनी त्याच पंचांना मैदानाबाहेर गाठून मारहाणीची धमकी दिली. तंबूतली खुर्चीही त्यांनी फोडली. चौकशीत त्यांनी हे कबूल केले आहे. पंचांची आम्ही क्लब म्हणून माफी मागतो. खेळाडूने स्वतः त्यांची लेखी माफी मागितली आहे. क्लबच्या पुढच्या पाच स्पर्धात्मक सामन्यांत ते खेळणार नाहीत व तंबूत येणार नाहीत. शिवीसाठी दोन सामने, धमकीसाठी चार. पहिलीच तक्रार, कबुली आणि मैदानावरचा संदर्भ लक्षात घेऊन एक कमी. खुर्चीची किंमत ते भरतील. सात दिवसांत ते सर्वसाधारण सभेकडे दाद मागू शकतात. पाच सामन्यांनंतर ते निवडीसाठी इतरांप्रमाणेच पात्र असतील. कर्णधारास ताकीद दिली आहे. आमच्या यापूर्वीच्या दोन निवेदनांत प्रत्यक्ष काय घडले हे लिहिले नव्हते आणि दुसऱ्यातील बडतर्फीचा निर्णय चौकशीविना घेतला होता. दोन्ही मागे घेत आहोत.'

परंपरा नाही, प्रवृत्ती नाही, भावना नाहीत. शेवटच्या वाक्यावर अध्यक्ष अडले. क्लबने स्वतःचं निवेदन मागे घेतल्याचं त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, मग फळ्यावर तिन्ही लावा, लोकांना हवं ते निवडू द्या. त्यांनी सही केली. यावेळी वाचून केली, एक शुद्धलेखनाची चूकही दाखवली.

सगळं मान्य झालं. फक्त 'पुढच्या पाच' यातला पहिला सामना कोणता धरायचा, यावर कमिटीची बैठक अजून चालू आहे. येत्या रविवारी उपांत्य सामना आहे. सेक्रेटरींचं म्हणणं असं की 'पुढच्या' म्हणजे या रविवारच्या पुढच्या.